शंभर टक्के सुती मोजे आणि शाहूवाडीचा पाऊस

जुलै महिन्यात आंब्याकडून मलकापूरला दुचाकीवर नोकरीला येणाऱ्या माणसाला मोज्यांचं महत्त्व सांगावं लागत नाही. रेनकोट गुडघ्यापर्यंत राखतो, पण बुटाच्या तोंडातून पाणी आत उतरतंच. मग दिवसभर खुर्चीत बसून ओले मोजे पायातच वाळवायचे. बांबवड्याकडे पाऊस त्या मानाने कमी, पण पश्चिमेला घाटमाथ्याकडे सरकावं तसा तो वाढत जातो. म्हणून एकाच तालुक्यातल्या दोन कर्मचाऱ्यांना एकच मोजा सारखा पुरत नाही. तरीही दुकानात बहुतेक जण एकच मागणी करतात, "शंभर टक्के कॉटन दाखवा." बाकीचे गैरसमज या मागणीतूनच निघतात, म्हणून सुरुवात तिच्यापासून करतो.

गैरसमज: शुद्ध सुती मोजा सगळ्यात चांगला, नायलॉन म्हणजे भेसळ

संपूर्ण सुती मोजा पायावर टिकणारच नाही. कापसाच्या धाग्याला स्वतःचा ताण नसतो. ताणला की तो ताणलेलाच राहतो. म्हणून वेष्टनावर मोठ्या अक्षरात 'कॉटन' लिहिलेलं असलं, तरी मागच्या बारीक अक्षरांत साधारण ७५ ते ८० टक्के कापूस, १७ ते २२ टक्के पॉलिअमाइड आणि दोन-तीन टक्के इलास्टेन असं काही सापडतं. पॉलिअमाइड म्हणजेच नायलॉन. इलास्टेन हा रबरासारखा ताणला जाऊन परत जागेवर येणारा धागा.

यातलं नायलॉन काय काम करतं, हे जुन्या मोज्यात डोळ्यांनी दिसतं. वर्षभर वापरलेला मोजा टाचेपाशी मुठीवर ताणून उजेडाकडे धरा. टाच विरून पारदर्शक जाळी झालेली असते, पण भोक पडलेलं नसतं. कापसाचे तंतू आखूड असतात. बुटाच्या मागच्या अस्तरावर घासून ते एकेक करून सुटतात आणि झडतात. मागे उरलेली ती जाळी म्हणजे नायलॉन. भोक पडायला लागणारे पुढचे काही महिने मोजा तेच धरून ठेवतं. ज्याला आपण भेसळ म्हणतो, त्याच्या जिवावर मोज्याचं आयुष्य लांबतं.

पावसाचा हिशेबही इथेच येतो. कापूस पाणी भरपूर पितो आणि सावकाश सोडतो, नायलॉन फार थोडं पितं. त्यामुळे मिश्र धाग्याचा पातळ मोजा दमट हवेत लवकर सुकतो. मात्र उलट टोकालाही जाऊ नये. जवळजवळ पूर्ण पॉलिएस्टरचा स्वस्त, चकचकीत मोजा घाम शोषत नाही. शिवाय पायाचा तेलकटपणा त्या धाग्याला चिकटून राहतो, म्हणून धुतल्यावरही वास पूर्ण जात नाही. कृत्रिम धाग्याला वास येतो ही तक्रार खरी आहे, पण ती प्रामुख्याने पॉलिएस्टरबद्दल खरी आहे. वीस टक्के नायलॉनला तो दोष लावू नये.

लेबलवर विश्वास नसेल तर जुन्या मोज्याचा एक धागा चिमट्यात धरून जाळून बघा. कापूस कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. लोकरीला केस जळाल्याचा वास येतो. नायलॉन आणि पॉलिएस्टर वितळून त्यांचा कडक मणी बनतो.

गैरसमज: लोकर म्हणजे टोचणारी, फक्त थंडीत वापरायची

आपल्याकडे लोकर म्हटलं की पट्टणकोडोलीचं घोंगडं आठवतं. दख्खनी मेंढीची ती लोकर जाड आणि राठ असते. पाऊस अंगावर घ्यायला ती उत्तम, पण पायाला टोचते. ऑफिसच्या मोज्यात येते ती मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर. तिचा तंतू दख्खनी लोकरीपेक्षा खूपच बारीक, म्हणून तो त्वचेला टोचण्याऐवजी वाकतो.

लोकरीचा विशेष असा, की ती आपल्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा बाष्प तंतूच्या आत ओढून घेते, तरी हाताला ओली लागत नाही. दिवसभर बंद बुटात राहणाऱ्या पायाला याचा उपयोग उन्हाळ्यातही होतो, फक्त मोजा पातळ विणीचा हवा. वासही कमी धरते.

पण तिच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ओला कापूस कोरड्यापेक्षा मजबूत असतो, तर लोकर ओली झाली की कमजोर होते. म्हणून लोकरी मोजा पिळायचा नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा. गरम पाण्यात चोळला तर तो आटून लहान मुलाच्या मापाचा होतो. आणि भिजल्यावर एका रात्रीत तो सुकेल ही आशा आंब्याच्या पावसात धरू नये. माझं मत स्पष्ट आहे: आपल्या भागात जून ते सप्टेंबर कापूस-नायलॉन मिश्रण वापरावं, आणि लोकर-नायलॉन मिश्रण हिवाळ्यातल्या सकाळच्या प्रवासासाठी ठेवावं.

गैरसमज: इलास्टिक जितकं घट्ट, तितका मोजा पक्का

मोजा घसरतो तो बऱ्याचदा मापामुळे. 'फ्री साइज' मोजा मोठ्या पावलावर चढवला की टाचेचा खोलगा तळव्याखाली येतो, आणि प्रत्येक पावलागणिक बूट मोज्याला खाली ओढतो. खोलगा नेमका टाचेवर बसला पाहिजे. तो घोट्याकडे चढला तर मोजा मोठा आहे. दुसरं कारण लांबी. पोटरीच्या मध्यावर संपणारा मोजा उतारावर उभा असतो. गुडघ्याखालपर्यंत जाणारा मोजा पोटरीच्या सर्वांत रुंद भागाच्या वर अडकतो, म्हणून सैल काठानेही तो जागेवर राहतो.

संध्याकाळी पायावर काठाची हलकी खूण दिसून थोड्या वेळात गेली, तर काळजी नाही. खोल वळ उमटत असेल किंवा पाय सुजत असतील, तर डॉक्टरांना दाखवावं. मधुमेह असलेल्यांनी रुंद, सैल काठाचा आणि बोटांपाशी सपाट शिवणीचा मोजा घ्यावा, कारण पायाची संवेदना कमी झालेली असल्यास रुतलेला काठ किंवा घासलेली शिवण कळतच नाही.

घेताना काठ दुप्पट रुंदीपर्यंत ताणून सोडा. तो लगेच पूर्ववत झाला पाहिजे. पुढे काठाला लाटा पडल्या किंवा केसासारखे पांढरे तुकडे बाहेर डोकावू लागले, की आतला लवचिक धागा तुटला असं समजावं.

तो तुटतो कशाने? आमच्याकडे सर्वांत मोठं कारण चूल. पावसाळ्यात काही सुकत नाही म्हणून मोजे चुलीवरच्या वलणीवर टाकले जातात, आणि ती धग इलास्टेनला संपवते. उकळतं पाणी आणि ब्लीचिंगही तेच करतात. मोजे उलटे करून साध्या पाण्यात धुवावेत आणि पंख्याखाली वाळत घालावेत. चिमटा बोटांकडच्या टोकाला लावावा, म्हणजे ओल्या मोज्याचं ओझं काठावर येत नाही.

किती जोड घ्यावेत

समजा वर्षात कामाचे ३०० दिवस आहेत. तीन जोड असतील तर प्रत्येक जोड वर्षात शंभर वेळा पायात जातो आणि मधे जेमतेम दोन दिवस मोकळे मिळतात. दमट दिवसांत तेवढ्यात टाच पुरती सुकत नाही आणि अर्धओला मोजा बुटात जास्त घासतो. सहा जोड घेतले तर प्रत्येकाच्या वाट्याला पन्नास वेळा येतात आणि सुकायला जवळजवळ आठवडा मिळतो. शिवाय पावसाळ्यात एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत घालून ऑफिसच्या खणात ठेवता येतो.

सहाही जोड एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे घ्यावेत. भोक बहुधा एकाच मोज्याला आधी पडतं, अंगठ्याच्या नखाशी. वेगवेगळ्या रंगांचे जोड असतील तर त्याचा धडधाकट जोडीदारही कपाटात पडून राहतो. बारा मोजे सारखे असतील तर दोन फाटल्यावर उरलेल्या दहांचे पाच जोड होतात.