फोनवर ठरलं, म्हणजे नेमकं काय ठरलं?

वेबसाइट, ॲप किंवा हिशेबाची प्रणाली करून देणारा माणूस काम हाती घेण्याआधी ग्राहकाशी एकदा सविस्तर बोलतो. या व्यवसायात त्याला डिस्कव्हरी कॉल म्हणतात. अर्धा-पाऊण तास ग्राहक आपला धंदा, आपली अडचण आणि आपल्याला काय हवं ते सांगतो. फोन ठेवताना दोघांनाही सगळं स्पष्ट झालंय असं वाटतं. दोन महिन्यांनी काम समोर येतं तेव्हा ग्राहक म्हणतो, “असं मी सांगितलंच नव्हतं.” करणारा म्हणतो, “अहो, तुम्हीच म्हणाला होतात.” बहुतेक वेळा यात खोटं कोणीच बोलत नसतं. जे बोलायचं राहून गेलं, ते दोघांनी आपापल्या समजुतीनं भरून घेतलेलं असतं.

यावर उपाय म्हणजे कॉलनंतर लिहिलेला गोषवारा. दीड पानांत काय ठरलं, आपण काय धरून चाललो आहोत आणि काय अजून ठरायचं आहे, हे लिहून ग्राहकाला पाठवायचं आणि तपासून घ्यायचं. काम लहान दिसतं, पण ते नीट करण्याची एक रीत आहे. एका उदाहरणावरून ती पाहू.

समजा, देवगडचे एक आंबा बागायतदार आहेत. आपला हापूस दलालामार्फत वाशीला पाठवण्याऐवजी ते थेट घरोघरी विकतात. डिसेंबरात ते एका वेबसाइट करणाऱ्याला फोन करतात. त्यांचं म्हणणं साधारण असं: “गेल्या हंगामात सगळ्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर आल्या, वहीत लिहिल्या आणि पार गोंधळ उडाला. लोकांना वेबसाइटवरून पेटी बुक करता आली पाहिजे. पैसे ऑनलाइन. मुंबई-पुण्याला घरपोच देतो आम्ही. दोन डझनांचा खोका आणि पाच डझनांची पेटी. भाव काय, रोज बदलतो. मार्चच्या सुरुवातीला चालू झाली पाहिजे. आणि मुलगा म्हणत होता, पेटी कुठवर आली ते लोकांना दिसलं तर बरं.”

हे ऐकताना टिपणं घेणाऱ्यानं पहिलं पथ्य पाळायचं ते असं की ग्राहकाचे शब्द जसेच्या तसे लिहायचे. “पेटी बुक करता आली पाहिजे” याचं टिपणात लगेच “ऑनलाइन पेमेंटसह ऑर्डर” करून टाकलं, तर शंका घ्यायची जागाच पुसली जाते. बागायतदारांच्या मनात कदाचित पाचशे रुपये भरून नाव नोंदवणं असेल, आणि ऐकणाऱ्यानं पूर्ण रक्कम गृहीत धरली असेल. कॉल रेकॉर्ड करायचा असेल तर आधी विचारावं. पण रेकॉर्डिंग असलं तरी टिपणं घ्यावीतच, कारण लिहिताना अडखळलो की तिथेच प्रश्न सुचतो.

दुसरं पथ्य, गोषवारा त्याच दिवशी लिहायचा. उशीर झाला की स्मरणातल्या फटी आपण नकळत आपल्या सवयीच्या उत्तरांनी बुजवतो, आणि ती उत्तरं ग्राहकाचीच होती असं वाटू लागतं.

आता लिहायला बसल्यावर मोह होतो तो बोलणं झालं त्याच क्रमानं उतरवण्याचा. तसं करू नये. बोलताना भाव, डिलिव्हरी, पुन्हा भाव असं मागे-पुढे होतंच. गोषवाऱ्यात प्रत्येक वाक्य हातात घेऊन विचारायचं की हे ग्राहकानं स्पष्ट सांगितलं, की मी धरून चाललो, की अजून ठरलेलंच नाही? या तीन ढिगांत वाटणी झाली की निम्मं काम झालं.

पहिल्या ढिगात फारसं काही उरत नाही, हे पाहून नवखा माणूस चकित होतो. आपल्या उदाहरणात पक्कं काय आहे? दोन आकार, ऑनलाइन पैसे, मार्चची सुरुवात आणि व्हॉट्सॲप-वहीचा गोंधळ संपवण्याचा हेतू. पेटी कुठवर आली ते दाखवणं ही मुलानं बोलून दाखवलेली इच्छा आहे. ती मागणी आहे की नाही, हे विचारावं लागेल. आणि निर्णय वडील घेणार की मुलगा, हेही त्याच निमित्तानं समजून घ्यावं लागेल.

दुसरा ढीग सगळ्यात धोक्याचा, कारण गृहीतं दिसत नाहीत. संपूर्ण बोलणं मराठीत झालं, म्हणून वेबसाइट मराठीत असं एकानं धरलं. मुंबईचे निम्मे ग्राहक मराठी वाचत नाहीत, म्हणून ती इंग्रजीत असणारच, असं दुसऱ्यानं धरलं. फोटोंचंही तसंच. फोटो बागायतदार देतील असं वेबसाइट करणारा समजतो, पण डिसेंबरात झाडावर तयार फळ नसतं. गेल्या हंगामातले चांगले फोटो नसतील, तर मार्चच्या वेबसाइटवर दाखवायचं काय? गृहीत लिहून काढलं की अशी अडचण तीन महिने आधी कळते.

तिसऱ्या ढिगात या कामाचा गाभा आहे. “भाव रोज बदलतो” हे वाक्य बोलताना सहज निघून गेलं. पण एखाद्या ग्राहकानं १ मार्चला बुकिंग केलं आणि पेटी एप्रिलच्या मध्यावर निघाली, तर कोणता भाव? हंगामाच्या सुरुवातीला भाव चढा असतो आणि आवक वाढली की उतरतो. बुकिंगच्या दिवसाचा भाव धरला तर काम सोपं आहे, एकदाच पूर्ण पैसे घ्यायचे. पाठवणीच्या दिवसाचा भाव धरला तर आधी आगाऊ रक्कम, मग उरलेल्या पैशांसाठी दुसरी लिंक, ते वेळेत न आले तर पेटी रोखायची की पाठवायची, असं सगळंच बदलतं. वेबसाइट बांधून झाल्यावर हे कळलं, तर पैशांचा अख्खा भाग पुन्हा करावा लागतो. गरजांमधली चूक जितक्या उशिरा सापडते तितकी ती सुधारणं महाग पडतं, हे बॅरी बोहम यांनी १९८१च्या ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्स’ या ग्रंथात आकडेवारीनिशी मांडलं होतं. इथे ते एका वाक्यात दिसतं.

म्हणून प्रश्न नुसता “भावाचं काय करायचं?” असा लिहू नये. अशा प्रश्नाला “बघू” हेच उत्तर येतं. पर्याय द्यावेत, प्रत्येकाचा परिणाम सांगावा, उत्तर कोणी आणि कधीपर्यंत द्यायचं ते लिहावं. बागायतदारांना पाठवलेला गोषवारा मग असा दिसेल:

कशासाठी: व्हॉट्सॲप आणि वहीऐवजी सगळ्या ऑर्डरी एका जागी याव्यात.

ठरलेलं: दोन डझनांचा खोका आणि पाच डझनांची पेटी. पैसे ऑनलाइन. वेबसाइट १ मार्चला सुरू.

आम्ही धरून चाललो आहोत (चुकत असल्यास सांगा): वेबसाइट मराठी आणि इंग्रजीत. फोटो आणि मजकूर तुमच्याकडून. भाव तुम्ही स्वतः मोबाइलवरून बदलणार.

या कामात धरलेलं नाही: परदेशी पाठवणी. पेटी कुठवर आली ते दाखवणं (हवं असल्यास वेगळा अंदाज देऊ).

तुमच्या उत्तराची वाट पाहतोय:

१. भाव बुकिंगच्या दिवसाचा की पाठवणीच्या दिवसाचा? पहिला असल्यास पूर्ण पैसे एकदाच घेता येतील; दुसरा असल्यास दोन हप्ते करावे लागतील आणि काम वाढेल. उत्तर तुमच्याकडून, २० डिसेंबरपर्यंत. यावर पुढचं काम अडलेलं आहे.

२. मुंबई म्हणजे कुठपर्यंत? ४०० ने सुरू होणारे पिनकोड घेतले तर ठाणे शहर येतं, पण कल्याण-डोंबिवली (४२१), वसई (४०१) आणि पनवेल (४१०) राहतात. यादी तुमच्या मुलाकडून, ३१ डिसेंबरपर्यंत.

३. फळ खराब निघाल्यास पैसे परत, बदली फळ की काहीच नाही? उत्तर तुमच्याकडून, २० डिसेंबरपर्यंत.

४. गेल्या हंगामातले फोटो आहेत का? ३१ डिसेंबरपर्यंत.

तिसऱ्या प्रश्नाला इतक्या जवळची तारीख का, हे ग्राहकाला समजावून सांगावं. हापूसमधला साका बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो. तक्रारी येणारच. शिवाय ऑनलाइन पैसे स्वीकारण्याची सेवा देणाऱ्या कंपन्या खातं सुरू करताना पॅन आणि बँकेची कागदपत्रं मागतात आणि वेबसाइटवर परताव्याचे नियम लिहिलेले आहेत का, तेही पाहतात. नियम ठरले नाहीत तर खातं लांबतं, खातं लांबलं तर १ मार्च हुकतो. कोणत्या प्रश्नावर काम अडलंय आणि कोणता थांबू शकतो, हे वेगळं दाखवलं की ग्राहकही आधी महत्त्वाचं उत्तर देतो.

‘धरलेलं नाही’ हा भाग लिहायला अनेकांना संकोच वाटतो. आपण अडून बसतोय असं दिसेल, ही भीती असते. पण वडिलांनी ऐकलं आणि मुलानं अपेक्षा धरली, अशी गोष्ट नेमकी इथेच सापडते. ती आज नाकारली तर पाच मिनिटांचं बोलणं होतं. फेब्रुवारीत नाकारली तर भांडण होतं.

पाठवल्यावर काय होतं, त्यावर लक्ष ठेवायला हवं. व्हॉट्सॲपवर अंगठा आला, तर गोषवारा पोचला एवढंच समजावं. चार प्रश्नांना एक अंगठा हे उत्तर नव्हे. उत्तर आलं नाही म्हणजे मान्य, असंही धरू नये; फोन करून एकेक मुद्दा वाचून दाखवावा आणि मिळालेली उत्तरं त्याच कागदात भरून, वर नवी तारीख घालून परत पाठवावा. गोषवारा खरोखर वाचला गेला याची खूण म्हणजे ग्राहकानं त्यात काहीतरी दुरुस्त करणं. “पाच डझनांची नको, चारचीच करा” असं उत्तर आलं तर कागदानं आपलं काम केलं. एकही दुरुस्ती आली नाही, तर तो बहुधा वाचलेला नाही.

या कागदाच्या मर्यादाही ओळखाव्यात. तो करार नाही आणि दरपत्रकही नाही. ती दोन्ही त्याच्या आधारावर नंतर करायची. दोघांनाही जे माहीत नाही ते तो सांगू शकत नाही. पहिल्याच आठवड्यात अवकाळी पाऊस झाला आणि फळ गळालं तर घेतलेल्या बुकिंगचं काय, हा प्रश्न कदाचित मार्चमध्येच सुचेल. तेव्हा तो यादीत पाचवा म्हणून लिहायचा, त्याच रीतीनं: पर्याय, परिणाम, कोण, कधीपर्यंत.

ग्राहकाच्या बाजूनं असाल, तर एवढं करा. काम देताना समोरच्याकडून असा कागद मागा. त्यात प्रश्न एकही नसेल, तर त्यानं तुमच्या वतीनं काय काय धरून चाललंय, ते काम सुरू होण्याआधी विचारून घ्या.