घर हलवताय? आधी बिल्टीवरची किंमत बघा

बेळगाव : परीक्षा संपल्या की टिळकवाडी, शहापूर, अनगोळ भागातून पुण्याकडे सामानाच्या गाड्या सुटू लागतात. तीन ठिकाणी फोन करायचा आणि स्वस्त पडेल त्याला काम द्यायचं, ही आपली नेहमीची पद्धत. पण फोनवरचा दर बहुतेक वेळा 'टू बीएचके' एवढ्यावरच सांगितलेला असतो. माळ्यावरची भांडी, कुंड्या, स्कूटर त्यात धरलेली नसते. मग गाडी लहान पडते आणि सामान अर्धं चढल्यावर जादा पैसे मागितले जातात. म्हणून माणूस घरी बोलवावा, निदान व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवावं. वस्तूंची यादी, गाडीची लांबी, हमाल किती आणि लिफ्ट नसेल तर मजल्याचे पैसे किती, हे लेखी घ्यावं.

आपल्याकडे आणखी एक मागणी होते, ती 'बॉर्डरच्या खर्चा'ची. कोगनोळी ओलांडताना टोल लागतो हे खरं, पण तो भाड्यात धरलाय का, ते आधीच विचारावं. वापरलेल्या घरगुती सामानाला जीएसटीचं ई-वे बिल लागत नाही. त्यामुळे त्या नावाखाली कोणी पैसे मागत असेल तर द्यायचं कारण नाही.

खरा फटका बसतो तो मोडतोडीत. रस्ते मालवाहतुकीच्या 2007 च्या कायद्याखालील नियमांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापट रकमेपर्यंत असते, पण तुम्ही जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. समजा, भाडं 12,000 रुपये आहे. म्हणजे मर्यादा 1,20,000 रुपये. पण कागद भरणाऱ्यानं घाईत 'घरगुती सामान, किंमत 20,000' असं लिहिलं आणि तुम्ही सही केली. वाटेत 38,000 चा फ्रिज आणि 30,000 चा टीव्ही गेला, तरी हातात 20,000 च्या वर काही येणार नाही. म्हणून आजच्या भावानं खरी किंमत स्वतः लिहावी आणि महागड्या वस्तू यादीत वेगळ्या दाखवाव्यात.

'इन्शुरन्स'च्या नावानं जादा पैसे घेतले, तर पॉलिसी नंबर असलेला विमा कंपनीचा कागद मागावा. तो नसेल तर तो विमा नव्हे, नुसता वाहतूकदाराचा शब्द.

गाडी निघण्याआधी फ्रिज, टीव्ही, कपाटाचे फोटो काढावेत. तिकडे उतरवताना काही मोडलेलं दिसलं, तर पोच देताना बिल्टीवर तसं लिहूनच सही करावी. शिवाय लेखी नोटीस द्यावी. बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत ती दिली नाही, तर वाहतूकदारावर दावा करता येत नाही.