कोंबड्या विकल्या तर गाव काय म्हणेल?

2019 सालचा पावसाळा सातारा-सांगलीच्या लोकांना महापुरामुळे आठवतो. पण वाळवा, शिराळा, कराड, पाटणकडच्या कित्येक घरांत त्या वर्षाची आणखी एक आठवण आहे, आणि तिच्याविषयी चारचौघांत कुणी बोलत नाही. ती म्हणजे कडकनाथ कोंबडीची.

हा काळा पक्षी मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआकडचा. 2018 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याचे नाव झाले. त्याच सुमारास तेव्हाच्या इस्लामपुरातल्या एका कंपनीने योजना काढली. तुम्ही 75 हजारांच्या आसपास भरा, पिल्ले आणि खाद्य आम्ही देतो, अंडी आणि पक्षीही आम्हीच घेतो. अंड्याला सांगितलेला भाव बाजाराच्या कित्येक पट होता. 2019 च्या ऑगस्टच्या सुमारास खरेदी थांबली, खाद्य येईना, ऑफिसात कुणी भेटेना. गुन्हे दाखल झाले. सप्टेंबरात पलूसकडे मुख्यमंत्र्यांच्या महाजनादेश यात्रेच्या ताफ्यावर कोंबड्या फेकल्या गेल्या, ते तुम्ही वाचले असेल. फसवणूक कशी झाली यावर पुष्कळ छापून आले. फसल्यानंतर घरात काय होते, ते मात्र कुणी छापले नाही.

दुकान बुडाले तर माणूस शटर ओढतो आणि घरी बसतो. कोंबड्यांना शटर नसते. पैसे बुडाल्याचे कळले त्या दिवशीही संध्याकाळी शेडमध्ये भांडी भरावीच लागतात. समजण्यापुरता एका घराचा हिशेब मांडू. हे घर कुणाचे खरे नाही, पण आकडे ओळखीचे वाटतील. कंपनीला 75 हजार आणि शेड, जाळी, भांडी यांना 45 हजार, म्हणजे एकूण 1 लाख 20 हजार झाले. त्यातले घरधन्याचे स्वतःचे फक्त 20 हजार. आईची ठेव मोडून 40 हजार, कारभारणीचे गंठण पतसंस्थेत ठेवून 35 हजार आणि मुंबईला माथाडी कामगार असलेल्या धाकट्या भावाचे 25 हजार. (विटा-आटपाडीकडचे घर असते तर भाऊ गलाईला परमुलखात असता, एवढाच फरक.)

आता खाद्य बघा. 200 पैकी 180 पक्षी राहिले. मोठा पक्षी दिवसाला साधारण 100 ग्रॅम खातो, म्हणजे रोज 18 किलो. किलोला 28 रुपये धरले तर दिवसाला 500 रुपये होतात, महिन्याला 15 हजार आणि पाच महिन्यांत 75 हजार. म्हणजे कंपनी पुन्हा माल उचलेल या आशेवर पाच महिने काढले, की कंपनीला जेवढे भरले तेवढेच पुन्हा गेले. ते आले कुठून? थोडे उसाच्या बिलातून आणि थोडे खाद्याच्या दुकानातल्या उधारीतून. पहिल्याच आठवड्यात पक्षी दीडशे रुपयांनी दिले असते तरी 27 हजार हाती आले असते आणि खाद्य थांबले असते.

मग का दिले नाहीत? हिशेब येत नव्हता असे नाही, उसाचे बिल पैशापर्यंत तपासणारी ही माणसे. काहींना वाटले, पक्षी विकले तर कंपनीवरचा हक्क जाईल. पण खरे कारण वेगळे असते. कोंबड्या पडत्या भावाने टेम्पोत भरल्या की गावाला कळते, आईला कळते, आणि ज्या मेव्हण्याला आपणच आग्रह करून या योजनेत घातले त्यालाही कळते. पक्षी शेडमध्ये आहेत तोवर धंदा चालू आहे असे म्हणता येते. तेवढे म्हणता यावे म्हणून रोज 500 रुपये जात होते. लाजेची किंमत रुपयांत मोजता येत नाही म्हणतात, इथे ती मोजता येते.

बँकेच्या कर्जाला हप्ता असतो, नोटीस असते, मुदत असते. आईच्या 40 हजारांना यातले काहीच नसते. आई मागत नाही, आणि ती मागत नाही हेच जास्त सलते. भावाचा फोन आला की माणूस तो उचलत नाही. भावाला वाटते, दादा पैशासाठी टाळतोय. तिथून पुढे तुटते ते पैशामुळे नव्हे, न बोलल्यामुळे.

दमलेला माणूस ओळखू येतो. हा आळस नव्हे, बरे का. पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा झोप लागत नाही. पारावरून न जाता मागच्या आळीने जाणे सुरू होते. सोयरिकीतल्या लग्नाला बायकोपोरांना पाठवतो, स्वतः जात नाही. जेवणावरून उठतो. पोरांवर उगाच ओरडतो आणि मग गप्प होतो. घरच्यांनी हे दिसल्यावर ‘जाऊ दे, पैशाचं काय’ असे म्हणून विषय मिटवू नये. तो मिटत नाही, आत जातो.

त्यापेक्षा एका संध्याकाळी वही घेऊन बसावे. आई, बायको आणि फोनवर भाऊ, तिघांसमोर. कुणाचे किती, कधी घेतले, काय सांगून घेतले ते लिहावे. पतसंस्थेच्या गंठणाला मुदत आहे, ते लिलावात जाऊ नये म्हणून सर्वांत आधी. खाद्याच्या दुकानदाराला तारीख सांगावी, मग भाऊ, मग आई. भावाला दोन वर्षे काही देता येणार नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. ‘बघू’ म्हणू नये. ‘बघू’ म्हटले की दर सणाला तो विषय जेवणाच्या पंगतीत बसतो.

करारनामा, पावत्या आणि पासबुकाची नोंद जपून ठेवा. पोलिसांत तक्रार देणे म्हणजे आपण फसलो हे सहीनिशी लिहून देणे, म्हणून कित्येकांचा पाय अडखळतो. पण ठेवीदारांच्या संरक्षणाच्या 1999 च्या राज्य कायद्याखाली मालमत्ता जप्त होऊन विकली गेली, तर वाटा नोंदीतल्या माणसालाच मिळतो. त्याला वर्षे लागतात. तो पैसा घरच्या वहीत जमेला धरू नका.

पोलीस पाटील, सोसायटीचे सचिव आणि बचत गटाच्या अध्यक्षा, तुमच्याकडे असा माणूस आला तर ‘तुला कुणी सांगितलं होतं?’ हा प्रश्न गिळून टाका. तो त्याने स्वतःला शंभरदा विचारलेला असतो. वसुलीला जाताना चारजणांत नाव घेऊ नका, घरी जा.

आणि ‘मी नसलो तर तुम्ही सुटाल’ अशा अर्थाचे काही तो बोलला, तर ते थट्टेवारी नेऊ नका. सरळ विचारा, ‘जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतो का?’ विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या दिवसापासून त्याला एकटे सोडू नका. फवारणीची औषधे घरात किंवा शेडमध्ये ठेवू नका. शेजाऱ्याच्या कुलपात ठेवा आणि किल्ली त्याच्याकडेच राहू द्या. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो. ‘टेलि-मानस’चा 14416 हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. तो स्वतः लावणार नाही. तुम्ही लावा आणि फोन त्याच्या हातात द्या.