ऐंशी कोटी लिहायचे नाहीत

समजा, कोल्हापूरच्या एका तरुणीने दूध संकलन केंद्रांसाठी हिशेबाचे ॲप बनवले आहे. धंदा चालू आहे, वाढवायला पैसे हवेत. ओळखीपाळखीचा कुणी गुंतवणूकदार नाही. मग तिने पाठवायची पहिली ई-मेल साधारण अशी असावी. प्रत्यक्षात ती बहुधा इंग्रजीत जाईल, पण मजकूर हाच.

विषय: दूध केंद्रांचे हिशेब ॲप, २१० केंद्रे पैसे देतात

नमस्कार सर,
संकलन केंद्रात फॅट-एसएनएफ वहीत चढवून दर दहा दिवसांनी प्रत्येक शेतकऱ्याचे बिल काढावे लागते. आमचे ॲप ते काम करते. आज २१० केंद्रे दरमहा प्रत्येकी ८०० रुपये देतात. सहा महिन्यांपूर्वी ९० देत होती. या काळात ६ केंद्रांनी ॲप सोडले. कोल्हापूर, सांगली, सातारा मिळून आमच्या मोजणीत ६,००० केंद्रे आहेत, म्हणजे वर्षाला ५ कोटी ७६ लाखांची बाजारपेठ. दीड वर्षात १,००० केंद्रे गाठण्यासाठी ४० लाख उभे करत आहोत. शेतीशी निगडित कंपन्यांत आपण आधी पैसे घातले आहेत, म्हणून लिहिते. येत्या मंगळवारी किंवा बुधवारी फोनवर २० मिनिटे द्याल का?

बस, एवढेच. सोबत चाळीस पानांचे सादरीकरण नाही, आणि ‘आधी गोपनीयतेचा करार करा’ अशी अटही नाही. अशा करारावर पहिल्या भेटीआधी गुंतवणूकदार सहसा सही करत नाहीत.

या पत्रात एक मोह टाळलेला आहे. एका केंद्रात रोज सरासरी ३०० लिटर दूध येते आणि लिटरमागे ३५ रुपये मिळतात असे धरले, तर २१० केंद्रांची मिळून वर्षाची दूधबिले ऐंशी कोटींच्या घरात जातात. ‘आमच्या ॲपवरून ८० कोटींची उलाढाल’ हे वाक्य काय दिमाखदार दिसेल! पण तो पैसा शेतकऱ्यांचा. कंपनीच्या हातात येतात महिन्याला १ लाख ६८ हजार. अनुभवी वाचणारा पहिल्याच फोनवर हा फरक विचारतो, आणि मग बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही त्याचा विश्वास बसत नाही. ‘आतापर्यंत एकूण इतक्या जणांनी ॲप उतरवून घेतले’ हेही त्याच जातीचे, कारण एकूण आकडा कधी खाली येतच नाही. किती जण पैसे देतात, सहा महिन्यांपूर्वी किती देत होते आणि किती सोडून गेले, या तीन आकड्यांतून धंद्याची चाल कळते. सोडून गेलेल्यांचा आकडा आपणहून सांगणारे थोडे असतात, म्हणून तो नजरेत भरतो.

बाजारपेठेचा आकडाही याच ८०० रुपयांवर उभा आहे: ६,००० केंद्रे, वर्षाचे ९,६०० रुपये. भारताचा दुग्धव्यवसाय किती लाख कोटींचा, याचा इथे काही उपयोग नाही, कारण ही मुलगी दूध विकत नाही.

हा आकडा लहान आहे, हे खरे. समजा, १०० कोटींच्या व्हेंचर फंडाला ३०० कोटी परत करायचे आहेत. त्यांच्या बऱ्याच कंपन्या बुडणार, म्हणून प्रत्येक निवडीत एकटीने सगळा फंड परत करण्याची ताकद ते शोधतात. हिस्सा दहा टक्के असेल तर ती कंपनी हजार कोटींची व्हायला हवी. पावणेसहा कोटींच्या बाजारपेठेत ते होणे नाही. त्यामुळे हे पत्र फंडाकडे न जाता स्वतःचे पैसे घालणाऱ्या एंजल गुंतवणूकदाराकडे जायला हवे. फंडच हवा असेल, तर इतर राज्यांतली केंद्रे किंवा पशुखाद्याची विक्री असा पुढचा टप्पा दाखवावा लागेल, आणि त्याची थोडीतरी चाचणी आधी झालेली असावी.

अर्थात बाजारपेठ मोजताना गुंतवणूकदारही चुकतात. २००८ मध्ये एअरबीएनबीच्या संस्थापकांची सात गुंतवणूकदारांशी ओळख करून देण्यात आली. दीड लाख डॉलर हवे होते. पाच जणांनी नकार दिला, दोघांनी उत्तरच दिले नाही. नकारांपैकी एकात बाजारपेठ पुरेशी मोठी वाटत नसल्याचे कारण होते.

शेवटची विनंती एकच ठेवायची. ‘पैसे द्या, नाहीतर सल्ला द्या, किंवा ओळखीतल्या कुणाला सांगा’ असे लिहिले की सल्ला मिळतो. पहिल्या पत्रावर कुणी चेक लिहीत नाही. फोनवरची वीस मिनिटे मात्र दोन ओळींत देता येतात. आठवडाभरात उत्तर आले नाही तर त्याच मेलखाली एक ओळ धाडावी: ‘गेल्या आठवड्यात आणखी नऊ केंद्रे जोडली, आता २१९.’ सांगण्यासारखा नवा आकडा नसेल, तर तो येईपर्यंत थांबावे.