निळी पावडर की पांढरी, आणि मिश्रण किती घट्ट?

पार्लरमध्ये काळ्या केसांत हायलाइट्स करायला गेलं की हमखास कानावर येतं, 'तुमचे केस फार काळे आहेत, निळी पावडर लावू, ती स्ट्राँग असते.' ही समजूत चुकीची आहे. केसांतला रंग फोडायचं काम पावडरमधले परसल्फेट क्षार, तिच्यातले अल्कधर्मी घटक आणि डेव्हलपरमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळून करतात. निळा रंग त्यात वरून मिसळलेला असतो. निळ्या पावडरी जोरकस असतात तशा सौम्यही असतात, आणि पांढऱ्यांचंही तेच. जोर कळतो तो डब्यावरच्या सूचनांवरून: किती लेव्हलपर्यंत उजळते आणि कोणता डेव्हलपर चालतो.

मग निळा रंग कशासाठी? काळा केस उजळताना आधी लालसर होतो, मग नारिंगी, मग पिवळा. निळा हा नारिंगीचा विरोधी रंग असल्याने तो भगवेपणा थोडा दाबतो. पण थोडाच. टोनरचं काम त्याच्याकडून होत नाही. शिवाय निळ्या थराखाली केस नेमका कुठवर आला ते दिसत नाही. म्हणून तपासताना ओल्या कापसाने एक बट स्वच्छ पुसून उजेडात बघायलाच हवी. पांढऱ्या पावडरीत हा पडदा बराच कमी असतो, खरा रंग लवकर कळतो. पहिल्यांदाच उजळायच्या काळ्याभोर केसांवर मी पांढरीच निवडते, कारण तिथे कधी थांबायचं हे कळणं सर्वांत महत्त्वाचं. आधीच पिवळसर झालेल्या केसांवर मात्र निळी सोयीची पडते, कारण फिक्या केसांवर कुठली बट कोरडी राहिली ते निळ्या लेपात पटकन दिसतं.

पण केस चट्ट्यापट्ट्यांनी उजळले, तर बहुतेक वेळा दोष पावडरच्या रंगाचा नसतो, मिश्रणाचा असतो. एक भाग पावडर आणि एक भाग डेव्हलपर घेतला की जाड लेप होतो. तो लावला तिथून हलत नाही, म्हणून फॉइल न वापरता ब्रशने मोकळ्या केसांवर पट्टे ओढायला चांगला. मात्र तो बटेच्या आतपर्यंत शिरत नाही आणि वरून लवकर सुकतो. सुकला की उजळणं थांबतं, मग बाहेरचे केस पिवळे आणि आतले तांबूस राहतात. उलट एकास तीन केलं तर ते केसांना छान भिजवतं, पण फॉइलच्या कडेतून मुळांकडे ओघळतं आणि तिथे नको असलेला डाग उमटतो. फॉइलच्या कामात एकास दोन हे प्रमाण बहुतेक वेळा जमतं, तरी शेवटचा शब्द कंपनीने दिलेल्या प्रमाणाचा.

समजा खांद्यापर्यंतचे, कधीच रंग न लावलेले काळे केस आहेत आणि कॅरॅमल पट्टे हवेत. प्लास्टिकच्या वाटीत ३० ग्रॅम पावडर आणि ६० मिली २० व्हॉल्यूमचा, म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइडचा क्रीम डेव्हलपर घ्यायचा. पावडर वजनकाट्यावरच मोजावी. चमच्यात ती कधी दाबून बसते, कधी भुसभुशीत राहते, आणि तिथेच प्रमाण चुकतं. गुठळ्या मोडेपर्यंत ढवळायचं. ब्रश उचलल्यावर मिश्रण घुसळलेल्या दह्यासारखं हळूहळू घसरलं पाहिजे. पाण्यासारखं गळलं तर अर्धा चमचा पावडर घालावी, ब्रशला गोळा चिकटून राहिला तर चमचाभर डेव्हलपर.

बट पातळ घ्यायची आणि दोन्ही बाजूंनी लेप लावायचा. मुळापासून बोटभर जागा सोडायची, कारण टाळूच्या उबेने तिथले केस वेगाने उजळतात. सुरुवात मानेकडून करून कपाळाजवळचे नाजूक केस शेवटी घ्यावेत, आणि त्यांच्यासाठी नवं मिश्रण करावं. वाटीतलं मिश्रण अर्ध्या-पाऊण तासात मंदावत जातं. ताज्याने सुरू केलेले आणि जुन्याने संपवलेले पट्टे सारखे येत नाहीत. दर दहा मिनिटांनी एक फॉइल उघडून बघायचं. लेप कोरडा दिसला तर त्यावर ताजा थर द्यावा. नुसतं थांबून राहिल्याने काही उजळत नाही. काळे केस पहिल्या फेरीत बहुधा नारिंगीपर्यंतच येतात, आणि कॅरॅमलसाठी त्याच्या थोडंसं पुढे गेलं की पुरतं, वर टोनर. त्याहून फिका रंग हवा असेल तर दुसरी फेरी काही दिवसांनी करावी. ३० व्हॉल्यूमचा डेव्हलपर घेऊन घाई करू नये.

उरलेलं मिश्रण झाकणाच्या बाटलीत कधीच ठेवू नये. त्यातून सुटणाऱ्या वायूने बाटली फुटू शकते. पावडरची धूळ उडाली तर श्वासाला बाधते, दम्याचा त्रास असलेल्यांना विशेष, म्हणून खिडकी उघडी ठेवून पावडर हलक्या हाताने ओतावी. आणि ज्या केसांना काळी मेंदी लागली आहे, त्यांच्या दोन-चार केसांवर आधी चाचणी करावी. त्यात धातूचे क्षार असले तर लेप तापतो, केस तुटतात. बट गरम लागली की चाचणी तिथेच थांबवून पाण्याने धुवावं, आणि त्या केसांना ब्लीच लावूच नये.