‘या’ भागात पाणी नाही! म्हणजे नक्की कुठे?

तुमच्या गावाच्या बातम्या देणारं एखादं पेज तुम्ही फॉलो करत असाल, तर असा मथळा तुम्ही नक्की पाहिला असेल: “नागरिकांनो, पाणी जपून वापरा! शहरातील ‘या’ भागात उद्या पाणीपुरवठा बंद”. आता गंमत बघा. या ओळीत सगळं आहे, फक्त तुम्हाला हवी असलेली एकच गोष्ट नाही: भाग कोणता? ती कळायला लिंक उघडावी लागते. उघडल्यावर कळतं की आपला भाग त्यात नाहीच.

मथळ्यांची भाषा हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे, आणि अवतरणचिन्हातला हा छोटासा ‘या’ मला फार शिकवून जातो. आज त्याच्याबद्दलच बोलू. म्हणजे तो नेमकं काय करतो, का चालतो, आणि तुम्ही स्वतः एखादं स्थानिक पेज चालवत असाल तर त्याच्याशिवाय लोकांचं लक्ष कसं वेधता येईल.

आधी व्याकरण

एरवी आपण ‘या’, ‘हा’, ‘ते’ हे शब्द आधी सांगून झालेल्या गोष्टीसाठी वापरतो. “गांधीनगरात पाइप फुटलाय. या भागात उद्या पाणी येणार नाही.” इथे ‘या’ मागे बघतो. मथळ्यातला ‘या’ मात्र पुढे बघतो. ज्याचं नाव अजून घेतलेलंच नाही, त्याच्याकडे तो बोट दाखवतो. भाषाशास्त्रात याला अग्रनिर्देश म्हणता येईल. ब्लोम आणि हॅन्सन या डॅनिश संशोधकांनी २०१५ साली डेन्मार्कमधल्या दहा बातमी-संकेतस्थळांवरचे एक लाख मथळे तपासले. व्यावसायिक आणि सनसनाटी वळणाच्या पत्रकारितेत हाच अग्रनिर्देश पुन्हा पुन्हा वापरला जातो, असं त्यांना दिसलं. म्हणजे ही काही फक्त आपल्याकडची खोड नाही. डॅनिशमध्येही ‘हे’ आणि ‘म्हणून’ हीच कामं करतात.

मराठीत तर याला आणखी एक सोय मिळते. ‘या’ हे सामान्यरूप एकवचनात आणि अनेकवचनात सारखंच असतं. ‘या भागात’ म्हणजे एक भाग, ‘या भागांत’ म्हणजे अनेक. पण तो अनुस्वार मथळ्यात बहुतेक वेळा गळतो. त्यामुळे भाग एक की दहा, हेही वाचणाऱ्याला कळत नाही. जेवढं अस्पष्ट, तेवढे जास्त लोक “आपलाच असेल” म्हणून आत येतात.

मग हे चालतं का?

चालतं. जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ साली कुतूहलाबद्दल जी मांडणी केली, ती इथे उपयोगी पडते. त्यांच्या मते आपल्याला माहीत असलेलं आणि माहीत करून घ्यायचं असलेलं, यांच्यातलं अंतर एकदा जाणवलं की कुतूहल जागं होतं. महत्त्वाची अट अशी की थोडंसं आधी माहीत असावं लागतं. अजिबातच काही माहीत नसेल तर अंतर जाणवणार कशातून?

या मांडणीतून दोन वेगळ्या वाटा निघतात, आणि गोंधळ इथेच होतो. पहिली वाट म्हणजे माहिती काढून घेऊन अंतर तयार करणं. ‘या’ तेच करतो. दुसरी वाट म्हणजे माहिती देऊन अंतर तयार करणं. वाचणाऱ्याला इतकं सांगायचं की पुढचा प्रश्न त्याच्या मनात आपोआप उभा राहील. दोन्हींत लोक बातमी उघडतात. फरक असा की पहिल्या वाटेवर, बातमी ज्यांच्या कामाची नाही त्यांनाही आत ओढलं जातं.

एक उदाहरण शेवटपर्यंत करून पाहू

समजा, तुमच्याकडे नगरपरिषदेची अशी प्रेसनोट आली आहे (गाव आणि तपशील कल्पनेतले आहेत): “सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, मुख्य जलवाहिनीच्या दुरुस्तीचे काम हाती घेण्यात येणार असल्याने गुरुवारी सकाळी ९ ते सायंकाळी ६ या वेळेत शनिवार पेठ, गांधीनगर व स्टेशन रोड परिसराचा पाणीपुरवठा बंद राहील. शुक्रवारी पाणीपुरवठा कमी दाबाने होईल.” खाली टँकर मागवण्यासाठी एक फोन नंबर आणि बावीस गल्ल्यांची यादी.

पहिला प्रयत्न बहुतेकांचा असा असतो: “जलवाहिनी दुरुस्तीमुळे पाणीपुरवठा विस्कळीत होणार”. यात खोटं काहीच नाही. पण ही ओळ नगरपरिषदेच्या बाजूनं लिहिलेली आहे. दुरुस्ती हे त्यांचं काम. वाचणाऱ्याचा प्रश्न हंड्यांचा आहे. शिवाय ‘विस्कळीत’ म्हणजे बंद, उशिरा की कमी? ते कळत नाही. असा मथळा लोक ओलांडून जातात, आणि मग पेज चालवणारा वैतागून ‘या’कडे वळतो. म्हणून नीरस मथळा आणि फसवा मथळा ही एकाच नाण्याची दुसरी बाजू आहे, असं मी म्हणेन.

आता हे बघा: “गुरुवारी शनिवार पेठ, गांधीनगर, स्टेशन रोडला दिवसभर पाणी नाही, शुक्रवारी कमी दाबानं”.

इथे आधी वार आला, मग ठिकाणं, मग परिणाम. दुरुस्तीचं कारण मथळ्यातून गेलं, ते पहिल्या परिच्छेदात येईल. सुभाषनगरचा माणूस ही ओळ वाचून निश्चिंत होईल आणि पुढे जाईल. तो क्लिक तुम्ही गमावलात, हे मान्य. पण गांधीनगरची बाई थांबेल, कारण तिचं नाव घेऊन हाक मारली आहे. आता तिच्या मनात खरे प्रश्न आहेत: आमची गल्ली त्यात आहे का? टँकर मिळेल का? म्हणून मथळ्याखाली फोटोसोबतच्या मजकुराची पहिली ओळ अशी लिहा: “बंद राहणाऱ्या २२ गल्ल्यांची यादी आणि टँकरसाठीचा फोन नंबर बातमीत.” अंतर इथेही आहेच. पण आत काय ठेवलंय हे तुम्ही नाव घेऊन सांगितलंत, आणि ते आत खरोखर आहे. फोनवर मोठा मजकूर दोन-तीन ओळींनंतर दुमडला जातो, त्यामुळे ही ओळ पहिलीच हवी. “नमस्कार मंडळी, एक महत्त्वाची अपडेट” नंतरची नव्हे.

यातून माझा साधा नियम असा: कुठे, कधी आणि कोणाला हे मथळ्यात सांगून टाकायचं, कसं, का आणि पुढे काय हे आत ठेवायचं. पहिल्या तीन गोष्टींवरून वाचणारा ठरवतो की बातमी आपली आहे की नाही. तो निर्णय त्याचा आहे, तो लपवू नये. उरलेल्या तिन्हींना मुळातच जागा लागते, त्या एका ओळीत मावत नाहीत. त्यामुळे त्या आत ठेवणं म्हणजे लपवणं नाही.

प्रश्नार्थक मथळ्यालाही हाच नियम लावता येतो. “चार महिन्यांत रस्ता पुन्हा खोदला, पाइप आधी का टाकला नाही?” हा मथळा चांगला आहे, पण बातमीत अभियंत्याचं किंवा ठेकेदाराचं उत्तर असेल तरच. “उद्या शाळांना सुट्टी?” हा वाईट, कारण उत्तर तुम्हालाच माहीत नाही. आणि व्हॉट्सअॅपवर पुढे जाताना ते प्रश्नचिन्ह हमखास गळून पडतं. सकाळी अर्धा वर्ग रिकामा दिसतो तो असा.

जिथे खरी इजा होते

पाण्याच्या बातमीत वाचणाऱ्याचं फार तर एक मिनिट जातं. सगळ्याच बातम्या अशा नसतात. उल्लरिख एकर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लेख तोच, मथळे वेगवेगळे. घरफोड्यांबद्दलच्या एका लेखात दोन आकडे होते: वर्षभरात किंचित वाढ, आणि दशकभरात मोठी घट. मथळ्यानं ज्या आकड्याकडे बोट दाखवलं, तोच लोकांच्या जास्त लक्षात राहिला. आणि लक्षात घ्या, या लोकांनी अख्खा लेख वाचला होता. दिशाभूल करणाऱ्या मथळ्याचा परिणाम फोटोतल्या चेहऱ्याबद्दलच्या मतावरही होतो, असंही त्यांना आढळलं.

म्हणजे “आत सगळं खरं लिहिलंय की” हा बचाव पुरत नाही. आता हे तालुक्याच्या गावात आणून बघा. “मोबाईल चोर अखेर गजाआड!” आणि खाली एका मुलाचा फोटो. आत लिहिलंय की पोलिसांनी चौकशीसाठी ताब्यात घेतलं. ताब्यात घेणं वेगळं, अटक वेगळी, आणि गुन्हा सिद्ध होणं तर कितीतरी पुढची गोष्ट. मोठ्या शहरात तो चेहरा विसरला जाईल. लहान गावात त्या मुलाला उद्या त्याच चौकातून जायचंय. “मोबाईल चोरीच्या संशयावरून एक जण ताब्यात” हा मथळाही वाचला जातोच, कारण लोकांना चोरीत रस आहे, ‘अखेर’मध्ये नाही. तिथे फोटो ठाण्याचा चालतो.

फोटोओळीचंही तेच. पुराच्या दिवशी दोन वर्षांपूर्वीचा पुलाचा फोटो टाकला, तर शब्द एकही खोटा नसताना बातमी खोटी होते. पूल बंद आहे असं समजून कुणी वीस किलोमीटरचा वळसा घेईल. जुना फोटो असेल तर ‘संग्रहित छायाचित्र’ एवढं पुरत नाही, साल लिहा. नवा असेल तर ठिकाण आणि वेळ लिहा: “नदीवरचा जुना पूल, आज सकाळी ७ वाजता”. पुराच्या दिवशी लक्ष वेधणारी फोटोओळ याहून वेगळी काय असणार?

चुकतंय हे कळतं कसं?

नुसते क्लिक मोजून कळत नाही, कारण फसलेला माणूसही क्लिक करतोच. फेसबुकनं ऑगस्ट २०१४ मध्ये जाहीर केलं होतं की लोक लिंक उघडल्यावर किती वेळ तिथे थांबतात आणि क्लिकच्या मानानं लाइक, शेअर किती होतात, हे आता पाहिलं जाईल. उघडून लगेच परत फिरणारे जास्त असतील, तर मथळ्यानं कबूल केलेलं आत मिळालं नाही. तुमच्याकडे असे आकडे नसले तरी प्रतिक्रिया वाचा. “भाग कोणता ते लिहा ना”, “तारीख टाका”, असं कुणी लिहिलं असेल, तर मथळ्यात काय हवं होतं ते तुम्हाला फुकट कळलं. आणि कुणी वाचकानंच खाली उत्तर लिहून टाकलं असेल, “शनिवार पेठ, बाकी कुणी उघडू नका”, तर तोच तुमचा मथळा. उचला आणि वर लावा.