फोटोत न मावणारा खरेपणा

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी भाचीने माझ्या फोनवर तीन फोटो पाठवले. कोथरूडमधला एक जुना फ्लॅट तिला पसंत पडला होता. मालक परदेशात होते आणि त्यांच्या वतीने त्यांचा एक नातेवाईक व्यवहार पाहत होता. पहिल्या फोटोत पाचशे रुपयांच्या मुद्रांक कागदावरचं मुखत्यारपत्र होतं, दुसऱ्यात त्याच कागदाची मागची बाजू, तिसऱ्यात त्या नातेवाइकाचं प्लॅस्टिकचं आधारकार्ड. खाली तिने लिहिलं होतं, ‘मामा, उद्या सकाळी दोन लाख टोकन द्यायचंय. कागद खरे आहेत ना, एवढं सांग.’

मी बँकेच्या कर्जविभागात तीस वर्षं कागद पाहिले आहेत, म्हणून घरातले सगळे असे प्रश्न माझ्याकडेच पाठवतात. मी तिला फोन करून म्हणालो, “अगं, हे फोटोवरून सांगता येत नाही.” ती म्हणाली, “पण मामा, वॉटरमार्क तर स्वच्छ दिसतोय. उलट त्या कार्डावरचा होलोग्रामच मेला फोटोत काळपट आलाय, त्याचीच मला शंका वाटते.”

माझी शंका नेमकी उलटी होती. टेबलावर सपाट ठेवून काढलेल्या फोटोत वॉटरमार्क इतका स्वच्छ दिसावा, हेच मला खटकलं होतं. ते का, हे समजण्यासाठी वॉटरमार्क म्हणजे काय, तिथून सुरुवात करायला हवी.

वॉटरमार्क कागदावर छापलेला नसतो, तो कागद बनतानाच कागदात तयार होतो. लगदा ओला असताना तो जाळीच्या एका फिरत्या दंडगोलावर साचतो. त्या जाळीवर चित्राचे उंचसखल भाग उठवलेले असतात. उंचवट्यावर लगदा कमी साचतो, खोलगट जागी जास्त. कागद वाळल्यावर हा जाडीचा फरक कायमचा राहतो. आपल्या नोटांच्या कागदासाठी सरकारने होशंगाबादला १९६८ साली जी गिरणी सुरू केली, तिचं कामही याच तत्त्वावर चालतं. म्हणजे वॉटरमार्कमध्ये शाई नसते. असते ती फक्त जाडी, आणि ती पाहायची तर उजेड कागदाच्या आरपार यायला हवा. पातळ भागातून जास्त उजेड येतो, तो भाग उजळ दिसतो. जाड भाग गडद दिसतो.

वाचकांनी घरच्या पाचशेच्या नोटेवर हे करून पाहावं. नोट खिडकीसमोर धरली की डाव्या-उजव्या बाजूंपैकी कोऱ्या दिसणाऱ्या भागात गांधीजींचा चेहरा उमटतो, गालावरच्या छटांसकट. शेजारी ५०० हा आकडा दिसतो. आता तीच नोट टेबलावर ठेवा. चेहरा जवळजवळ नाहीसा होतो. टेबल काळं असेल तर एक पुसटसा आभास राहतो आणि तोही उलटा. खिडकीत जे उजळ होतं, ते इथे किंचित मळकट दिसतं, कारण पातळ जागेतून टेबलाचा काळेपणा डोकावतो.

बनावट कागद करणाऱ्याकडे अशी जाळी आणि असा लगदा नसतो. तो तयार कागदावर फिक्या शाईने किंवा तेलकट द्रव्याने ते चित्र छापतो. ही छपाई टेबलावरही दिसते आणि खिडकीतही दिसते. म्हणून वरून काढलेल्या फोटोत खरा वॉटरमार्क लपतो आणि खोटा झळकतो. ज्याला हे माहीत नाही, तो फोटो पाहून नेमक्या खोट्या कागदावर विश्वास ठेवतो. भाचीचं तसंच झालं होतं.

सुरक्षा धाग्याची गोष्ट याहून थोडी वेगळी आहे. पाचशेच्या नोटेतला धागा समोरून पाहिला तर तुटक तुटक दिसतो. कागद बनत असताना तो लगद्यात सोडला जातो आणि ठरावीक अंतरावर जाळीवरचे उंचवटे लगद्याला बाजूला सारतात. तेवढ्या खिडक्यांतून धागा वर येतो, मधल्या जागी कागदाच्या पोटात राहतो. खिडकीसमोर धरल्यावर मात्र तो वरपासून खालपर्यंत एक सलग गडद रेघ होतो. शिवाय नोट तिरकी केली की धाग्याचा हिरवा रंग निळा होतो. त्यावर अतिशय पातळ थर असतात. नजरेचा कोन बदलला की उजेडाला त्यांतून कमीजास्त वाट चालावी लागते, आणि परतणारा रंग बदलतो.

म्हणजे या एका धाग्याची चार रूपं झाली: तुटक आणि सलग, हिरवं आणि निळं. फोटोत त्यांतलं फार तर एक येतं. चंदेरी किंवा हिरव्या शाईचे सात-आठ तुकडे छापून ते एक रूप कोणीही उभं करू शकतो. धाग्याची खात्री एका रूपातून दुसऱ्या रूपात जाण्यात आहे, आणि ते जाणं फोटोत नसतं.

होलोग्रामला तर कोनाशिवाय अस्तित्वच नाही. त्या चकचकीत पापुद्र्यावर अतिसूक्ष्म खाचा उठवलेल्या असतात. दोन खाचांमधलं अंतर साधारण एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या खाचा पांढऱ्या उजेडातले रंग सुटे करतात आणि प्रत्येक रंग आपापल्या दिशेला पाठवतात. म्हणून कार्ड हलवलं की रंग सरकतात, एक चित्र मावळून दुसरं उगवतं. आता आधारकार्डाचा हिशेब करू. कार्ड साधारण साडेआठ सेंटिमीटर लांब. फोनवरून साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकसून लांबीला सोळाशे ठिपक्यांच्या आसपास उरतो. म्हणजे एक ठिपका कार्डावरच्या मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा, आणि त्या एका ठिपक्यात पन्नास खाचा गडप!

पण समजा, उद्या यापेक्षा शंभरपट बारीक फोटो निघाला, तरी अडचण सुटत नाही. कॅमेरा एका क्षणी एकाच जागी असतो आणि दिवाही एकाच जागी. खाचांनी रंग दुसरीकडे फेकले असतील, तर खरा होलोग्राम फोटोत राखाडी डागासारखा येतो. झेरॉक्सवर तो हमखास काळा पडतो, तो याच कारणाने. उलट इंद्रधनुषी रंगांत छापलेली साधी चिकटपट्टी प्रत्येक फोटोत रंगीत येते, कारण तिचे रंग कुठे जातच नाहीत.

कागदाच्या या बारकाव्यांकडे दुर्लक्ष झालं की काय होतं, हे पुण्याला नव्याने सांगायला नको. जून २००२ मध्ये बंडगार्डन पोलिसांनी बनावट मुद्रांकांचा साठा पकडला आणि अब्दुल करीम तेलगीचं जाळं उघडं पडू लागलं. तेलगी त्याआधीच, २००१ च्या अखेरीस, अजमेरमध्ये पकडला गेला होता. नाशिकच्या सरकारी मुद्रणालयातून मोडीत काढलेली यंत्रं त्याने मिळवल्याचं तपासात पुढे आलं. बँका, विमा कंपन्यांसारखे मोठे खरेदीदार त्याच्या दलालांकडून मुद्रांक घेत होते. पुढे येरवड्याच्या तुरुंगात त्याचा मुक्काम झाला, आणि जून २००७ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने त्याला तेरा वर्षांची सक्तमजुरी व २०२ कोटी रुपयांचा दंड सुनावला.

त्या काळात आमच्या शाखेतही जुने दस्त तिजोरीतून काढून एकेक तपासायला घेतले गेले. मी तेव्हा शिकलो, ती गोष्ट एवढीच, की ते सगळे खोटे मुद्रांक लोकांच्या प्रत्यक्ष हातात होते. कागद हाती असून फसगत झाली. आज आपण कागदही मागत नाही, त्याच्या फोटोवर भागवतो.

भाचीला मी टोकन थांबवायला सांगितलं. तिने विचारलं, “व्हिडिओ मागवू का?” व्हिडिओ फोटोपेक्षा बरा. कार्ड हलताना रंग सरकतात का, ते त्यात दिसतं. पण दिवा कुठला, कोन कुठला, किती वेळ दाखवायचं, हे सगळं पाठवणारा ठरवतो. जो कागद तो दाखवतो तोच पुढे टेबलावर ठेवील, याचीही हमी नसते. म्हणून मी मूळ कागद पाहायला मागितले. चार दिवसांनी एका कॉफीच्या दुकानात भेट ठरली, आणि मी मुद्दाम खिडकीजवळची जागा धरली.

मुद्रांक कागद आधी टेबलावर ठेवला. चिन्ह स्पष्ट. मग खिडकीच्या काचेला लावला. चिन्ह तेवढंच स्पष्ट, कणभरही अधिक नाही, आणि सगळीकडे एकाच छटेचं. उजळ भाग असा नव्हताच. मग खिशातला अतिनील दिवा हाताच्या आडोशात धरून त्यावर टाकला. कार्यालयातला साधा कागद अशा दिव्याखाली निळसर पांढरा चमकतो, कारण तो शुभ्र दिसावा म्हणून त्यात उजळपणाची रसायनं घालतात. सुरक्षा कागदात ती टाळलेली असतात, तो दिव्याखाली मंद राहतो. आमच्यापुढचा कागद लख्ख चमकला. मग आधारकार्ड हातात घेऊन हलवलं. फोटोत काळपट दिसलेल्या होलोग्राममध्ये रंग सहज फिरले. भाचीने ज्याच्यावर शंका घेतली होती, ते कार्ड अस्सल दिसत होतं, आणि ज्यावर विसंबून ती दोन लाख देणार होती, तो कागद बनावट वाटत होता.

मी तिथे कोणावर आरोप केला नाही. खिडकी आणि दिवा मिळून शंका पक्की करतात, निकाल देत नाहीत. तो प्रयोगशाळेचा आणि न्यायालयाचा अधिकार. मी फक्त मुखत्यारपत्राचा नोंदणी दस्त क्रमांक विचारला. घर विकण्याचा अधिकार देणारं मुखत्यारपत्र नोंदवलेलं असायला हवं आणि क्रमांकावरून त्याची नोंद दुय्यम निबंधक कार्यालयात तपासता येते. “क्रमांक पाठवतो,” असं ते गृहस्थ म्हणाले. तो आजतागायत आलेला नाही.

फोटो अगदीच निरुपयोगी असतो, असं मात्र नाही. त्यावरून मजकूर वाचता येतो. मुद्रांकाच्या मागे विक्रेत्याचा शिक्का, अनुक्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याचं नाव असतं. ते विक्रेत्याच्या नोंदवहीशी ताडता येतं. मुद्रांक विकल्याची तारीख करारानंतरची निघाली, तर फोटोच लबाडी पकडून देतो. आधारकार्डावरचा क्यूआर कोडही फोटोवरून वाचता येतो, कारण तो म्हणजे निव्वळ माहिती आहे आणि तिच्यावर डिजिटल सही आहे. पण त्यातही एक मेख आहे. खऱ्या कार्डाचा कोड उचलून खोट्या कार्डावर छापला, तरी तो खराच वाचला जाणार. म्हणून कोडमधून निघणारं नाव आणि फोटो समोरच्या माणसाशी जुळवून पाहावे लागतात.

भाचीने पुढे दुसरा फ्लॅट घेतला. त्याचेही कागद तिने मला आधी फोनवरच पाठवले. या वेळी मात्र खाली लिहिलं होतं, ‘मामा, मजकूर वाचून ठेव. रविवारी मूळ कागद घेऊन येते. खिडकी मोकळी ठेव.’